वार बादलीत जाण्याआधी

(प्रसूतिकक्षातील डॉक्टर व परिचारिकांसमोरील व्याख्यानाचा संपादित भाग)

समजा, तेहतिसाव्या आठवड्यात ठोके थांबले आणि १,२५० ग्रॅमचं बाळ मृत जन्मलं. मानेभोवती नाळेचे दोन वेढे आहेत. कुणीतरी म्हणतं, "नाळेनं गळफास बसला." नातेवाइकांना कारण मिळतं आणि तपास तिथेच संपतो. पण नाळेचा वेढा सुखरूप जन्मणाऱ्या बाळांतही सर्रास दिसतो. नाळ आवळलेली, एका बाजूला फुगलेली किंवा गुठळी असलेली दिसली नाही, तर वेढ्यावर बोट ठेवू नका. या बाळाचं वजन तेहतीस आठवड्यांच्या मानाने फार कमी आहे, म्हणजे उपासमार बरीच आधी सुरू झाली होती.

तिचा पुरावा वारेत असतो, आणि वारच आपण पिवळ्या पिशवीत टाकतो. आधी वारेचा, नाळेच्या मुळाजवळचा छोटा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये जनुकीय तपासणीसाठी ठेवा. मग वारेचं वजन करा आणि ती १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पूर्ण बुडवून पॅथॉलॉजीकडे पाठवा. क्रम उलटला तर पेशी मरतात आणि त्यांची वाढ करून गुणसूत्रं पाहता येत नाहीत. बाळ मऊ पडलं असेल तरीही ही वाढ बऱ्याचदा होत नाही. तिथे मायक्रोॲरे उपयोगी, कारण तिला जिवंत पेशी लागत नाहीत.

आपल्या उदाहरणात वार लहान निघते, तिचे मोठे भाग रक्ताअभावी मेलेले असतात. आता आईच्या रक्तात ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन तपासायचे, हेपरिन सुरू करण्याआधी. एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणून अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचं निदान होत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी ७२ तासांत, अहवालांची वाट न पाहता.

शवविच्छेदनाला घरचे नाही म्हणाले तर आग्रह धरू नका; बाहेरून तपासणी, फोटो आणि एक्स-रे यांची परवानगी मागा. बाळ पाहायचंय का, हे आईला विचारा, सासूला नव्हे. ती नाही म्हणाली तर काही तासांनी पुन्हा विचारा. पायांचे ठसे घेऊन फाइलमध्ये ठेवा, ती नंतर मागू शकते. तिसऱ्या दिवशी दूध उतरेल हे आधी सांगा. कुणी न सांगितल्याने बाई घरी एकटी हादरते. "पुन्हा होईल मूल" हे वाक्य मात्र कुणीही उच्चारू नये.

अहवाल आल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, दोघांनाही बोलवा. आईची चूक नव्हती हे सगळ्यात आधी स्पष्ट सांगा. प्रवास, जिना, ग्रहण यांची यादी तिने मनात केलेलीच असते. पुढे बारा आठवड्यांनंतरची दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली तर पुढच्या गरोदरपणात सुरुवातीपासून ॲस्पिरिन आणि हेपरिन. ती निगेटिव्ह असेल, तरी वारेच्या अहवालावरून बाराव्या आठवड्यापासून रात्री ॲस्पिरिनचा विचार होतो. दोन्ही वेळा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून वाढीची सोनोग्राफी दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि प्रसूतीची तारीख आधीच ठरवलेली.