कूलर चालतो कशावर?

नमस्कार मंडळी. ऊन असं तापायलंय की दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं दिसेना, तर म्हटलं आज पाण्याचंच बोलू. पण धरणाचं नाही, भाड्याच्या घरातल्या नळाचं. मालकाला रूम खाली करून पाहिजे असते, भाडेकरू निघेना, मग मालक कोर्टात जात नाही, तो गच्चीवर जातो आणि व्हॉल्व्ह बंद करतो. नाहीतर जिन्याखालचा फ्यूज काढून खिशात टाकतो. नाहीतर सरळ आपलं कुलूप लावून मोकळा होतो.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, मधेच कुकरची शिट्टी झाली आणि पुढचं ऐकायचं राहिलं तरी एवढं कानात राहू द्या. एक, पाणी तोडलं म्हणून भाडं थांबवायचं नाही. दोन, घर सोडायचं नाही. भाडं थांबवायचं नाही, घर सोडायचं नाही. का, ते आता सांगतो, आणि ते सांगायला मला लातूरच्या आजींचा किस्साच सांगावा लागतो. माझ्या घरच्यांनी तो इतक्यांदा ऐकलाय की मी सुरू केलं की ते उठून आत जातात, तुम्ही तेवढं बसा.

लातूरला क्लासच्या पोरांची गर्दी तुम्हाला माहीतच आहे. दोन खोल्यांचं भाडं एका कुटुंबाकडून जेवढं येतं त्याच्या कितीतरी पट त्याच खोल्यांत सहा कॉट टाकल्या की येतं, त्यामुळे अशा गल्ल्यांमधून कुटुंबं निघायलीत आणि कॉट यायल्यात. (नीटला बसणाऱ्या लेकराला पलंगाएवढ्या जागेत वर्षभर ठेवायचं हे मला पटत नाही, पण ते पुन्हा कधीतरी.) तर अशा एका घरात खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई, तिचा मुलगा-सून, दोन नातवंडं आणि तिची सासू म्हणजे आपल्या आजी, असे नऊ वर्षांपासून राहायचे. कागद काही नाही, तोंडी. भाडं मात्र दर महिन्याला मोबाइलवरून मालकाच्या खात्यात. हे मोबाइलवरून लक्षात ठेवा, पुढं कामाला येतं.

मार्चमध्ये मालक म्हणाला, "काकू, महिनाभरात खाली करा." ह्या म्हणाल्या पोरांच्या परीक्षा आहेत, जूनपर्यंत थांबा. मालक काही बोलला नाही. गुढीपाडवा झाला आणि आठव्या दिवशी नळाला पाणी नाही. विचारलं तर, "बोअर आटलंय ओ, मी काय करू?" आता सांगा, मराठवाड्यात एप्रिलमध्ये बोअर आटलं म्हटलं तर कोण खोटं म्हणणार? 2016 ला ह्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं लोकांनी बघितलंय. इथं पाणी तोडणाऱ्याला सबब शोधायला लांब जावंच लागत नाही.

चार दिवस ह्यांनी शेजारून घागरी भरल्या. सुनेच्या डोक्यात आलं की लेकरं घेऊन माहेरी, औशाला जावं. मुलगा चिडला, म्हणाला ह्या महिन्याचं भाडंच देत नाही बघू काय करतो. तोवर मालकानं फ्यूजही काढला, शिलाई मशीन मोटारवरची, तीही बंद. अन् ह्या सगळ्यात आजी जिन्यात बसून वर बघत होत्या. बघतात तर मालकाच्या खिडकीला लावलेला मोठा डेझर्ट कूलर रात्रभर घुरघुरतोय आणि त्याच्या खालून भिंतीवर ओल. आजींनी पणतूला म्हटलं, "हे बोअर आटलंय तर ह्याचा कूलर चालतो कशावर रे?"

पणतू आठवीतला. त्यानं मोबाइल काढला, आधी स्वतःच्या घरातला कोरडा नळ उघडून दाखवला, मग न थांबवता तसाच चालत बाहेर आला आणि वरचा कूलर, ओली भिंत, अन् खाली आजींनी ठेवलेल्या पातेल्यात टपटप पडणारं पाणी, सगळं एकाच व्हिडिओत घेतलं. एकाच व्हिडिओत, हे महत्त्वाचं, कारण वेगवेगळे फोटो दाखवले की समोरचा वकील म्हणतो हा फोटो कालचा आणि तो परवाचा. वकील म्हणून मीही असंच म्हटलं असतं.

मग त्या माझ्याकडं आल्या. येण्याआधी ठाण्यात जाऊन आल्या होत्या, तिथं नेहमीचं उत्तर मिळालं, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. मी म्हटलं उद्या परत जा आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, तेवढी तरी करून तिची कॉपी घेऊन या. एनसीनं पाणी येत नाही, पण कोणत्या तारखेपासून आलं नाही ते कागदावर येतं.

आता थोडं कायद्याचं, थोडंच. आपल्याकडं मराठवाड्यात आधी हैदराबाद राज्य असतानाचा 1954 चा घरभाडे कायदा चालायचा. 31 मार्च 2000 पासून सगळ्या राज्याला एकच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999. त्याचं कलम 29 सांगतं की योग्य आणि पुरेसं कारण असल्याशिवाय मालकानं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, साफसफाई ह्यातलं काही तोडायचं नाही, स्वतः नाही आणि दुसऱ्याच्या हातूनही नाही. मालकानं मुद्दाम बिल थकवलं आणि महावितरणनं येऊन लाइन कापली तर तेही मालकानंच तोडलं असं धरतात. तक्रार करायची तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाकडं, कनिष्ठ स्तर. आणि निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही, अमुक तारखेच्या आत पाणी सुरू करा असा अंतरिम आदेश कोर्ट देऊ शकतं.

पण हे कलम 29 कुणासाठी? जो भाडेकरू घरात राहतोय त्याच्यासाठी. म्हणून म्हटलं घर सोडू नका. सून औशाला गेली असती, महिनाभर घर बंद राहिलं असतं, मालकानं कुलूप लावलं असतं आणि वर म्हणाला असता की ते स्वतःहून गेले. आणि भाडं थांबवलं असतं तर मालकानं थकबाकीची नोटीस काढली असती. नोटिशीनंतर 90 दिवसांत भरलं नाही की तो हक्कानं खाली करून मागायला कोर्टात उभा. पाणी त्यानं तोडलेलं, पण गुन्हेगारासारखे उभे आपण. तर परत एकदा, भाडं थांबवायचं नाही, घर सोडायचं नाही.

ह्यांनी त्या महिन्याचं भाडं मोबाइलवरून पाठवलं तर मालकानं खातंच बंद केलेलं. मग मनीऑर्डर केली, ती "घेण्यास नकार" असा शेरा पडून परत आली. तो शेरा म्हणजे सोनं, जपून ठेवायचा. अर्जाला आम्ही काय जोडलं? नऊ वर्षांच्या भाड्याच्या बँकेतल्या नोंदी, परत आलेली मनीऑर्डर, एनसीची कॉपी, लेकरांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता आणि तो व्हिडिओ.

कागद नव्हता म्हणून त्या घाबरल्या होत्या. उलट आहे. कलम 55 प्रमाणे करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. नाही केला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते खरं धरलं जातं, जोवर ते खोटं ठरत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड होऊ शकतो.

तारखेला मालक शपथेवर म्हणाला बोअर आटलंय. न्यायाधीशांनी व्हिडिओ बघितला, चष्मा काढला आणि अगदी आजींचाच प्रश्न विचारला, "मग कूलर कशावर चालतोय?" मी त्यांना काही शिकवलेलं नव्हतं हो! मालक म्हणाला टँकर मागवतो. ठीक, टँकर कुठं टाकता? गच्चीवरच्या टाकीत. त्या टाकीतून खाली किती पाइप येतात? मालक गप्प. कोर्टानं कमिशनर नेमला, म्हणजे एक वकील जागेवर जाऊन बघून येतो. तो गेला तर टाकी अर्ध्याच्या वर भरलेली आणि खालच्या मजल्याला जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला बाइंडिंग तार गुंडाळलेली, पक्कडीनं पीळ दिलेली. बोअर आटलं तर व्हॉल्व्हला तार कोण गुंडाळतं? तीन दिवसांत पाणी आणि वीज सुरू करा असा आदेश झाला, दुसऱ्याच दिवशी नळ आला.

दुसरी बाजूही सांगतो. बोअर खरंच आटलं असतं, मालकाच्या घरातही खडखडाट असता, तर हा अर्ज टिकला नसता. आणि तुमच्याच सब मीटरचं बिल तुम्ही थकवलं असेल तर मालकाला ते कारण म्हणून सांगता येतं. अर्ज करण्याआधी मालकाच्या नळाला पाणी आहे का ते बघा, आजींसारखं.

आदेश पाळला नाही तर दंड किती? दिवसाला 100 रुपयांपर्यंत. लातूरला एप्रिलमध्ये शंभर रुपयांत टँकरवाला हॉर्नसुद्धा वाजवत नाही. हा आकडा बदलायला पाहिजे असं मी वीस ठिकाणी बोललोय. पाणी तोडल्याबद्दल खटला चालून दोष सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे, मालक खरा घाबरतो तो त्याला.

विजेचं एक बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. स्वतःच्या नावावर वेगळं मीटर घ्यायला मालकाची एनओसी लागते असं काउंटरवर सांगतात. सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये स्पष्ट म्हटलंय की मालक एनओसी देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, अर्जदार त्या जागेत राहतो का एवढंच बघायचं. कलम 29 मध्येही तशी सोय आहे. आमच्या बाईंनी पुढं तसंच मीटर घेतलं, आता फ्यूज काढायचा तर मालकाला आधी त्यांच्या दारातून जावं लागतं.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर गणित वेगळं. मुदत संपूनही बसून राहिलात तर दुप्पट भाडं लागू शकतं, कलम 29 तुम्हाला लागत नाही असं मालकाचा वकील म्हणेल, त्याला बराच आधारही आहे. पण मुदत संपली तरी मालकानं सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा असतो, कुलूप घेऊन यायचं नसतं.

आणि कुलूप लागलंच तर? तोडू नका. तुम्ही तोडलं की मालक ठाण्यात जाऊन आतलं काहीबाही गेलं म्हणून सांगतो. 112 लावा, कुलपाचा फोटो काढा, आत सामान काय आहे त्याची यादी त्याच दिवशी लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. मग विशिष्ट अनुतोष कायदा 1963, कलम 6. ह्यात घर कुणाच्या मालकीचं हे कोर्ट बघतच नाही, ताबा तुमचा होता का आणि कायदा सोडून काढला का, एवढंच. आणि निकालावर अपील नाही, म्हणून हे लवकर संपतं. अट एक, दावा सहा महिन्यांच्या आत. सहा महिन्यांच्या आत!

माझ्याकडं जालन्याहून एकजण आला होता, सायकल दुरुस्तीचं दुकान, मालकानं दिवाळीत कुलूप ठोकलेलं. मधे गावातली मोठी माणसं बसली, आज देतो उद्या देतो झालं. तो आला तेव्हा सातवा महिना लागून चार दिवस झाले होते. त्याला मग भाडेकरू असल्याचं सगळं शाबीत करत लांबच्या वाटेनं जावं लागलं, आणि त्याची हवा भरायची टाकी अजून त्या शटरच्या आतच आहे.