जमिनीच्या ज खाली ठिपका कशाला?

नमस्कार मंडळी. जमीन, खबर, बाजार, अर्ज, कर्ज, हजेरी. हे शब्द फारसीतून आपल्याकडे आले, काही तर अरबीतून फारसीत आणि मग मराठीत, हे तुम्हाला माहीत आहेच. आज प्रश्न एवढाच की ते लिहिताना खाली नुक्ता, म्हणजे तो ठिपका, द्यायचा का. माझं उत्तर आधीच सांगते, मराठी लिहिताना द्यायचा नाही. का, ते कानानेच ऐका.

जरा मोठ्याने म्हणा, हजर. आता म्हणा, हजेरी. ऐकलंत? हजरमधला ज दातांजवळचा, जाळं, जुना, जावई यांच्यातला, आणि हजेरीमधला टाळूचा, जेवणातला. उर्दूत दोन्हीकडे एकच ज़ आहे, हाज़िर आणि हाज़िरी. मराठीने तो परका आवाज घेतला आणि आपल्या सवयीत बसवला, पुढे इ किंवा ए आली की टाळूचा, एरवी बहुतेक वेळा दातांचा. म्हणून जमीन दातांची आणि जिल्हा टाळूचा, उर्दूत दोघांनाही ज़ असला तरी. खबरचंही तसंच, उर्दूतला ख़ घशात घासून येतो, आपण खिडकीतलाच ख म्हणतो. जो आवाज आपण काढतच नाही त्याची खूण लिहायची कशाला?

आता एक किस्सा, हा मला सांगायचाच होता. दादरला आमच्या ओळखीच्या मंडळींनी गझलांचा कार्यक्रम ठेवला होता, मराठी गझला आणि मधेमधे उर्दू शेर, आणि पत्रक करायला दिलं एका उत्साही पोराला. त्याने प्रेमाने केलं काम, आणि उर्दूचा मान राखायचा म्हणून दिसेल त्या ज ला, दिसेल त्या फ ला नुक्ता दिला. हार्मोनियमला होते जलीलभाई, भेंडीबाजारातले, मराठी आपल्यासारखंच बोलणारे. तालमीला आले, चहा घेता घेता प्रूफ हातात घेतलं, स्वतःच्या नावाशी थांबले आणि म्हणाले, "अहो, हा मी नाही. मी जलील, म्हणजे थोर. तुम्ही छापताय ते ज़लील, म्हणजे बेइज्जत झालेला." पोराचा चेहरा असा पडला! जलीलभाई मात्र रागावले नाहीत हो, त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रूफच्या पाठीवर दोन्ही शब्द उर्दूत काढून दाखवले, एकात जीम, त्याच्या पोटात ठिपका, दुसऱ्यात ज़ाल, त्याच्या डोक्यावर ठिपका, बाकी अक्षरं तीच. मग अख्ख्या पत्रकावरून पेन्सिल फिरवली. जवाबला नुक्ता नाही, जानला नाही, ज़िंदगीला आहे, सज़ाला आहे, फूल तर देशी शब्द, त्याला मुळीच नाही. आणि जहाजपाशी आल्यावर म्हणाले, पहिला ज साधा, दुसरा नुक्त्याचा, जहाज़. पोरगं म्हणालं, काका, मग ओळखायचं कसं? तर म्हणाले, "नुसत्या अंदाजाने नाही ओळखता येत बाळा. ज ला एकच जीम, पण ज़ ला चार अक्षरं, ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोए, आणि कुठल्या शब्दात कुठलं ते पाठच करावं लागतं." शेवटी ठरलं असं की मराठी मजकुरात एकही नुक्ता नाही, आणि उर्दू शेर छापायचे ते नुक्त्यांसकट, पण जलीलभाईंनी तपासल्यावरच. मला हे शंभर टक्के पटतं. उर्दू उर्दू म्हणून देताय तर सगळे नुक्ते बरोबर द्या, आणि मराठी लिहिताय तर कुठलेच नको. अर्धेमुर्धे नुक्ते सगळ्यात वाईट, परत सांगते, अर्धेमुर्धे सगळ्यात वाईट, कारण वाचणाऱ्याला वाटतं लिहिणाऱ्याला माहिती आहे आणि तो चुकीचा उच्चार शिकतो.

आणि ठिपक्यांची एवढी हौस असेल तर आपला स्वतःचा ठिपका सांभाळा ना! दुसऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या, हे टाइप करताना ठिपक्याचा ऱ लागतो, छापून आल्यावर मात्र ठिपका दिसत नाही, र आडव्या वळणदार रेघेसारखा दिसतो. बॅनरवर "दुसर्या" बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, सूर्यातला र्य आणि पायऱ्यांमधला ऱ्य यात फरक आहे, आणि तो मराठीचा आहे.

बरं, ज़ चा आवाज हवाच असेल तर? त्याची सोय मराठीने केलेली आहे. गझल, मिर्झा, तिथे आपण झ लिहितो, कारण झाड म्हणताना आपला झ त्या आवाजाच्या जवळ जातोच. जुने मुरलेले शब्द ज ने, म्हणजे बाजार, नमाज, आणि बरेचसे पुढचे शब्द आणि नावं झ ने. मूळ फारसी शब्द कुठला ते बघायचं असेल तर माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांचा 1925 सालचा फारसी-मराठी कोश आहे.

शेवटचं, मोबाइलवाल्यांसाठी. कॉम्प्युटरच्या हिशोबात ज आणि खालचा ठिपका ही दोन वेगळी चिन्हं आहेत, त्यामुळे तुम्ही ज़मीन लिहून ठेवलंत आणि नंतर जमीन म्हणून शोधलंत तर पुष्कळ ठिकाणी ते सापडतच नाही. फोनवर हिंदी कीबोर्ड लावलेला असेल तर सुचवलेले शब्द नुक्त्यासकट येऊ शकतात, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करून घ्या.