निलंबनकाळातील वेतन: निर्वाह भत्ता आणि रोखलेल्या रकमेचे काय होते

(सोलापूर येथे शासकीय कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, चौकशीत दोष सिद्ध झाला नाही की निलंबनाच्या काळातला राहिलेला पगार आपोआप खात्यात जमा होईल, असा समज आपल्या कार्यालयांत पक्का रुजलेला आहे. तो समज खरा नाही आणि त्यापायी अनेकांचे मोठे नुकसान होते, म्हणून आज मी राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यापुरतेच बोलणार आहे. सोलापुरात सूतगिरण्या आणि यंत्रमाग कारखाने आहेत. तेथील कामगारांना मात्र वेगळे कामगार कायदे लागू होतात आणि त्यांत निर्वाह भत्त्याचे दरही वेगळे आहेत. आपल्याला लागू होतात ते महाराष्ट्र नागरी सेवा (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे यांच्या काळातील प्रदाने) नियम, 1981. त्यांतले नियम 68 आणि 72 नीट समजले, तर या विषयाचा बहुतेक भाग समजला असे म्हणता येईल.

निलंबन ही शिक्षा नाही, नोकरीचे नाते त्या काळातही कायम असते. म्हणूनच निलंबित माणसाला जगण्यापुरती रक्कम देणे शासनावर बंधनकारक आहे. ही रक्कम, म्हणजेच निर्वाह भत्ता, अर्धवेतनी रजेवर असताना मिळाले असते तेवढ्या रजावेतनाइतकी असते आणि त्या रजावेतनावर महागाई भत्ता मिळतो. घरभाड्यासारखे पूरक भत्ते मात्र निलंबनाच्या दिवशी जे वेतन होते त्यावर, त्यांच्या अटी पूर्ण होत असतील तर, दिले जातात.

आता एक उदाहरण घेऊ. बार्शीच्या एखाद्या कार्यालयातील लिपिकाचे मूळ वेतन 40,000 रुपये आहे आणि महागाई भत्ता 50 टक्के आहे, असे धरू. घरभाडे, वेतनवाढी आणि महागाई भत्त्यातील बदल हिशेबासाठी बाजूला ठेवू. कामावर असताना त्याला दरमहा 60,000 रुपये मिळत होते. निलंबनानंतर त्याला 20,000 रुपये रजावेतन आणि त्यावर 10,000 रुपये महागाई भत्ता, म्हणजे 30,000 रुपये मिळू लागतील.

पहिले तीन महिने हाच दर राहतो. त्यानंतर निलंबन चालू राहिले, तर सक्षम प्राधिकाऱ्याला हा भत्ता बदलता येतो. विलंब कर्मचाऱ्यामुळे झालेला नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांच्या भत्त्याच्या 50 टक्क्यांपर्यंत वाढ देता येते. विलंब थेट त्याच्यामुळेच झाला असेल, तर तेवढीच कपात करता येते. आपल्या लिपिकाचे 30,000 रुपये त्यामुळे 45,000 पर्यंत जाऊ शकतात किंवा 15,000 पर्यंत खाली येऊ शकतात. दोन्हीसाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात. प्रत्यक्षात गाडे अडते ते येथेच, कारण वाढीचा आदेश कोणीतरी काढावा लागतो आणि आस्थापना शाखेत तो विषय कोणी मांडला नाही तर वर्ष उलटले तरी अर्ध्याच दराने देयक निघत राहते. म्हणून तीन महिने पूर्ण होताच, दोषारोपपत्र केव्हा मिळाले, उत्तर केव्हा दिले आणि कोणत्या तारखेला आपण हजर असतानाही चौकशी पुढे ढकलली गेली, हे तारखांसह लिहून अर्ज द्यावा. विलंब कोणाचा, हे त्या तारखाच सांगतात.

भत्ता मिळण्यासाठी नियमाने घातलेली अट एवढीच, की आपण अन्यत्र नोकरी, धंदा किंवा व्यवसाय करीत नाही असे प्रमाणपत्र द्यायचे. ते दर महिन्याला देऊन पोच घ्यावी. मुख्यालय सोडण्यासाठी परवानगी लागते ही बाब वेगळी. पण रोज येऊन हजेरीपटावर सही केली नाही म्हणून भत्ता अडवणे योग्य नाही. पतसंस्थेचा हप्ताही या भत्त्यातून कर्मचाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय कापता येत नाही, आणि भविष्य निर्वाह निधीची वर्गणी तर या काळात घ्यायचीच नसते. भत्ता न दिल्यामुळे कर्मचारी चौकशीला जाऊ शकला नाही आणि त्याच्या गैरहजेरीत चौकशी उरकली, तर ती चौकशी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये कॅप्टन एम. पॉल अँथनी यांच्या प्रकरणात सांगितले आहे.

आता रोखलेल्या रकमेकडे येऊ. आपला लिपिक 14 महिने निलंबित राहिला. पूर्ण वेतन 8,40,000 रुपये झाले असते. पहिल्या तीन महिन्यांचे 90,000 आणि पुढच्या 11 महिन्यांचे 45,000 प्रमाणे 4,95,000, असे 5,85,000 त्याला मिळाले; म्हणजे 2,55,000 रुपये रोखले गेले. वाढीचा आदेश निघालाच नसता, तर ही रोखलेली रक्कम 4,20,000 झाली असती.

पुनःस्थापना करताना नियम 72 प्रमाणे दोन गोष्टींचा स्पष्ट आदेश सक्षम प्राधिकाऱ्याने द्यायचा असतो: वेतन किती द्यायचे आणि तो काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही. कसोटी एवढीच नाही की दोष सिद्ध झाला किंवा नाही; निलंबन पूर्णपणे असमर्थनीय होते असे प्राधिकाऱ्याचे मत झाले, तर पूर्ण वेतन व भत्ते मिळतात, दिलेला निर्वाह भत्ता त्यातून वजा होतो आणि तो काळ सर्व प्रयोजनांसाठी कर्तव्यकाळ ठरतो. त्यामुळे 2,55,000 रुपयांबरोबरच वेतनवाढ आणि निवृत्तिवेतनासाठीची सेवाही शाबूत राहते. विभागीय चौकशीत सर्व दोषारोप नाशाबीत झाले असतील, तर निलंबन समर्थनीय कसे राहते याचे उत्तर देणे प्राधिकाऱ्याला फार कठीण जाते. फौजदारी खटल्यातील सुटकेचे तसे नाही. संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या कर्मचाऱ्याला मागील वेतन आपोआप मिळत नाही. नियम 72 च्याच संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये कृष्णकांत बिभवणेकर यांच्या प्रकरणात ही भूमिका घेतली.

निलंबन पूर्ण असमर्थनीय नव्हते असे मत झाले, तर पूर्ण वेतनापेक्षा कमी रक्कम ठरवता येते, पण ती आधी दिलेल्या निर्वाह भत्त्यापेक्षा कमी असू शकत नाही. त्याआधी किती रक्कम देण्याचे योजले आहे हे सांगणारी नोटीस द्यावी लागते आणि अभ्यावेदनासाठी 60 दिवसांच्या आतली मुदत द्यावी लागते. नोटीस न देता ‘निलंबन कालावधी निलंबन म्हणूनच धरण्यात यावा’ असे एका ओळीचे आदेश निघतात, ते मला अत्यंत अन्यायकारक वाटतात आणि नियमातही बसत नाहीत. अशा वेळी कर्मचाऱ्याला आणखी एक मार्ग आहे: त्याने मागणी केल्यास तो काळ देय व अनुज्ञेय रजेत रूपांतरित करता येतो.

आणखी एक अडचण आजकाल वारंवार दिसते. निलंबन आढाव्यानंतर चौकशी संपण्यापूर्वीच कर्मचारी कामावर घेतला जातो आणि त्या वेळी वेतनाबाबत तात्पुरता आदेश निघतो. चौकशी संपल्यावर प्राधिकाऱ्याने स्वतःहून त्या आदेशाचा फेरविचार करायचा आहे, पण फाईल तोवर बंद होऊन अभिलेखात गेलेली असते. म्हणून चौकशीचा अंतिम आदेश हाती आल्याबरोबर, त्याची प्रत जोडून नियम 72 खालील आदेशासाठी स्वतंत्र अर्ज करावा. अर्जाला सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर त्यानंतरच्या एका वर्षात मुंबईच्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते; नकाराचा अंतिम आदेश मिळाला असेल, तर त्या तारखेपासून एक वर्ष.

कर्मचारी चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच मरण पावला, तर नियम 72 मध्ये त्याच्या कुटुंबाची तरतूद केलेली आहे. निलंबनापासून मृत्यूपर्यंतचा काळ कर्तव्यकाळ धरला जातो आणि दिलेला निर्वाह भत्ता वजा करून पूर्ण वेतन कुटुंबाला मिळते. तेथे दोषी की निर्दोष हा प्रश्नच उरत नाही. घरच्यांना हे बहुधा कोणी सांगत नाही, म्हणून आपल्या कार्यालयात अशी एखादी फाईल पडून असेल, तर त्या कुटुंबाकडून मागणीचा अर्ज लिहून घ्या आणि तो आस्थापना शाखेत स्वतः दाखल करा.