हळद एकच, मग मेसेज तीन का?

नमस्कार मंडळी. सांगलीतून बोलतोय, त्यामुळे आजचं उदाहरण हळदीचंच.

बीबीए किंवा बीकॉमच्या पहिल्या वर्षाला मार्केटिंग शिकताना नरसाळ्याचं एक चित्र येतं. वर अवेअरनेस, मध्ये कन्सिडरेशन, खाली कन्व्हर्जन. म्हणजे आधी माहिती होणं, मग विचार करणं, मग विकत घेणं. कल्पना जुनी आहे. १८९८ च्या सुमारास अमेरिकेतल्या एलायस सेंट एल्मो लुइस यांनी मांडलेल्या टप्प्यांपासून तिची सुरुवात मानतात. चित्र सगळ्यांना काढता येतं. पण प्रत्येक टप्प्याला मेसेज वेगळा का लागतो, हे विचारलं की उत्तर अडतं. तेवढंच आज बघू.

समजा, हरिपूर रोडला एका घराचं छोटं युनिट आहे. राजापुरी हळद घेतात, दळतात, ५०० ग्रॅमचं पाकीट २०० रुपयांना विकतात. आता त्यांना पुण्यातली गिऱ्हाइकं हवीत. त्यांनी पहिली जाहिरात केली ती अशी: "अस्सल सांगली हळद, २० टक्के सूट, आजच मागवा."

ही जाहिरात कोथरूडमधल्या एका ताईंच्या मोबाइलवर आली. त्यांच्या डब्यात हळद आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून नेहमी घेतात, तक्रार काही नाही. तुमचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही, मूळ भाव माहीत नाही, मग २० टक्के कशाचे? सूट कामाला येते ती "घ्यायची तर आहे, पण जरा महाग वाटतेय" असं मनात असलेल्या माणसासाठी. ताईंच्या मनात हा प्रश्नच अजून आलेला नाही. त्या बोट सरकवून पुढे जातात, आणि आपल्याला वाटतं जाहिरात चालत नाही. जाहिरात वाईट नव्हती. ती दोन टप्पे आधीच दाखवली गेली.

या ताईंना वरच्या टप्प्यावर काय दाखवायचं? हळद विकायची नसती तरी बघावंसं वाटेल असं काहीतरी. ओली हळद शेतातून काढल्यावर शिजवतात, उन्हात वाळवतात, पॉलिश करतात, तेव्हा कुठे कडक हळकुंड तयार होतं, हे शहरातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायचे, तेही ठाऊक नसतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे इथे एका वाक्यात येऊ द्या. ब्रँडचं नाव शेवटच्या चार सेकंदांत. भाव नाही, "आजच मागवा" नाही. आणि हा व्हिडिओ किती पाकिटं खपली यावर मोजायचा नाही. किती जणांनी शेवटपर्यंत पाहिला, त्यातले किती जण पुढे तुमच्या ऑनलाइन पानावर आले, हे मोजायचं.

आता मधला टप्पा. इथे जरा थांबतो, कारण लहान धंद्यांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच टप्प्याकडे होतं.

व्हिडिओ आवडला म्हणून ताई पानावर आल्या. आता त्यांच्या मनात शंका आहेत: "हळदीत भेसळ असते म्हणतात, ही शुद्ध कशावरून? वाण्याकडच्या पाकिटापेक्षा वेगळी काय?" इथे पुन्हा शेतातली सुंदर दृश्यं दाखवलीत तर उपयोग नाही, ती पाहूनच तर त्या आल्यात. इथे पुरावा लागतो.

(पाण्याचा ग्लास पुढे घेत) काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वर चमचाभर हळद टाका. शुद्ध हळद हलका पिवळा रंग सोडत खाली बसते. वरून रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. घरी करायची ही साधी चाचणी एफएसएसएआयनेच सांगितलेली आहे. तुमची हळद कॅमेऱ्यासमोर पाण्यात टाका. पण त्याच व्हिडिओत हेही सांगा की या चाचणीत प्रत्येक भेसळ पकडता येत नाही. लेड क्रोमेटसारख्या रंगासाठी प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो. मग तो अहवाल दाखवा, बॅच नंबरसकट, आणि पाकिटावरचा नंबर तोच आहे हेही दाखवा. चाचणीची मर्यादा तुम्ही स्वतः सांगितलीत म्हणून अहवालावर विश्वास बसतो. नुसतं "१०० टक्के शुद्ध" तर प्रत्येक पाकिटावर छापलेलं असतं, त्यावर कोण का थांबेल?

खालच्या टप्प्यावरचे प्रश्न अगदी व्यवहाराचे. कुरिअरचे किती? कधी पोहोचेल? पाकीट फुटून आलं तर? जीपे चालेल का? इथे मेसेज छोटा हवा: "५०० ग्रॅम २०० रुपये, पुण्यात कुरिअर ६० रुपये, तीन दिवसांत घरपोच, फुटलं तर दुसरं पाठवू." दोन पाकिटांना कुरिअर माफ करता येत असेल, तर ती सवलत इथे सांगा. पहिल्या जाहिरातीत वाया गेलेली सूट इथे कामाला येते.

आता पाणी नेमकं कुठे मुरतंय, ते आकड्यांवरून बघू. (कागद कॅमेऱ्याकडे धरत) समजा व्हिडिओ १०,००० जणांना दिसला. ५०० जण पानावर आले, ६० जणांनी व्हॉट्सॲपवर विचारलं, ६ जणांनी पैसे भरले. मालक म्हणणार, विक्री कमी आहे, जाहिरात वाढवा. थांबा. ५०० पैकी ६० जणांनी स्वतःहून विचारलंय. ज्यांना घ्यायचंय तेच एवढे कष्ट घेतात. त्यातले ५४ कुठे गेले? चॅट उघडून शेवटचा मेसेज वाचा. बऱ्याच ठिकाणी "कुरिअर किती?" एवढाच असेल, आणि आपलं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे गळती खाली आहे. भाव आणि कुरिअर पहिल्याच उत्तरात गेलं आणि ६ चे १८ झाले, तर जाहिरातीवर एक रुपया न वाढवता विक्री तिप्पट. याउलट ५०० जण आले आणि पाच जणांनीच विचारलं असतं, तर गळती मध्ये, म्हणजे पुरावा कमी पडतोय. फक्त एक ध्यानात घ्या: ६ आणि ९ मधला फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. एवढ्या लहान आकड्यांवर आठवड्याभरात निष्कर्ष काढू नका.

आता एक चूक सांगतो, ती आकडे नीट वाचणाऱ्यांकडूनही होते. रिपोर्टमध्ये विक्रीचं श्रेय बहुतेकदा शेवटी क्लिक झालेल्या जाहिरातीला मिळतं. म्हणजे "कुरिअर माफ" वाली जाहिरात हिरो ठरते, आणि हळद शिजवण्याच्या व्हिडिओसमोर विक्री शून्य दिसते. मालक तो व्हिडिओ बंद करतो. पुढचे काही आठवडे विक्री तशीच राहते, कारण आधी व्हिडिओ पाहिलेली माणसं अजून खाली येतच असतात. मालकाला वाटतं, पैसे वाचले. मग विक्री हळूहळू उतरायला लागते, आणि तोवर व्हिडिओ बंद केल्याचं कुणाला आठवतही नाही. म्हणून वरचा टप्पा बंद करून बघायचाच असेल, तर तारीख लिहून ठेवा आणि पानावर नव्याने येणाऱ्यांचा आकडा बघत राहा. विक्रीच्या आधी तो पडतो.

माणसं चित्रातल्यासारखी सरळ वरून खाली येत नाहीत, हेही खरं. कुणाला मावशीने सांगितलेलं असतं, तो थेट भाव विचारतो. त्याला पेवाची गोष्ट ऐकवत बसू नका, भाव सांगा. एखादी ताई पैसे भरता भरता पुन्हा भेसळीचं विचारते, तिला अहवाल पाठवा. समोरच्याने आत्ता काय विचारलंय, त्यावरून त्याचा टप्पा कळतो.

आणि ज्यांनी एकदा घेतलीय, त्यांना वरचं काहीच पाठवू नका. घरात अर्धा किलो हळद किती दिवस पुरते ते जुन्या ऑर्डरच्या तारखांवरून काढा, आणि संपायच्या आठवडाभर आधी एवढंच लिहा: "ताई, हळद संपत आली असेल. मागच्याच पत्त्यावर पाठवू का?"