बटण हिरवे करायचे, पण टिकली लालच ठेवायची: सपाट चित्रातला एकच रंग बदलण्याची पद्धत

नमस्कार. आज माझ्यासमोर दिवाळीच्या फराळाचा एक बॅनर आहे. डावीकडे वर दुकानाचा लाल लोगो आहे, मध्ये चकल्यांचे ताट हातात घेतलेली आणि कपाळावर लाल टिकली लावलेली एक स्त्री आहे, आणि खाली पांढऱ्या पट्ट्यावर 'आत्ताच मागवा' असे पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले लाल बटण आहे. हे बटण तेवढे हिरवे करून हवे आहे. लोगो, टिकली, त्वचेचा रंग, चकल्या यांपैकी कशालाही धक्का लागता कामा नये. मूळ लेअर असलेली फाइल उपलब्ध नाही. हाताशी आहे ती फक्त व्हॉट्सॲपवरून आलेली जेपीजी. फोटोशॉपमध्ये हे काम कसे करायचे ते आपण पाहू.

[स्क्रीनवर: मूळ बॅनर]

बहुतेक जण प्रथम `Hue/Saturation` उघडतात, वरच्या यादीतून `Reds` निवडतात आणि पट्टी सरकवतात. मीही अनेक वर्षांपूर्वी असेच केले होते, आणि ते काम ग्राहकाकडे गेल्यावर तिकडून फोन आला, "अहो, बाईंची टिकली हिरवी झालीय!" बटणाकडे टक लावून पाहताना टिकलीकडे माझे लक्षच गेले नव्हते. ही चूक का होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण `Reds` या नावावरून वाटते की फोटोशॉप 'लाल वस्तू' शोधते. प्रत्यक्षात ते रंगचक्रावरचा केवळ एक टापू पकडते. त्या खिडकीच्या तळाशी ३१५, ३४५, १५ आणि ४५ असे चार अंश दिसतात. ३४५ पासून शून्यावरून १५ पर्यंतच्या रंगांवर बदलाचा पूर्ण परिणाम होतो, आणि तिथून ३१५ व ४५ पर्यंत तो हळूहळू ओसरत जातो. आपल्याकडच्या माणसांच्या त्वचेचा रंग बहुधा १५ ते ३५ अंशांच्या आसपास, म्हणजे नेमका या उतारावर बसतो. त्यामुळे टिकली आणि लोगो तर बदलतातच, शिवाय चेहराही आजारी माणसासारखा हिरवट दिसू लागतो. तेव्हा काय बदलायचे हे रंगाला ठरवू द्यायचे नाही, जागेला ठरवू द्यायचे. आणि जागा ठरवण्याचे साधन म्हणजे मास्क.

ज्यांच्याकडे लेअर असलेली फाइल आहे, त्यांचे काम अर्थातच सोपे आहे. बटण शेप असेल तर त्याच्या लेअरच्या थंबनेलवर दोनदा क्लिक करून रंग बदलला की झाले. ॲडजस्टमेंट लेअर लावायचा असेल तर तो खालच्या सगळ्याच लेअरवर परिणाम करतो हे विसरू नये. `Ctrl+Alt+G` दाबून तो बटणाच्या लेअरला क्लिप केला की परिणाम तेवढ्यापुरताच राहतो. तो एखाद्या ग्रुपच्या आत ठेवला असेल, तर त्या ग्रुपचा ब्लेंड मोड `Pass Through` ऐवजी `Normal` करावा लागतो, अन्यथा रंग ग्रुपच्या बाहेर झिरपतो. लेअरवाल्यांना एवढे पुरेसे आहे. खरी कसोटी सपाट चित्रात लागते.

समजा, बटणाभोवती सिलेक्शन करून, म्हणजे मास्क लावून, आपण तेच `Hue/Saturation` वापरले. आता टिकली सुरक्षित आहे. बटणाचा लाल `#D32F2F` आहे आणि हवा असलेला हिरवा `#2E7D32`. या दोन रंगांमध्ये रंगचक्रावर सुमारे १२३ अंशांचे अंतर आहे, म्हणून `Hue` ची पट्टी १२३ वर नेली. बटण हिरवे झाले खरे, पण ते पोपटी झाले, कारण लाल जितका उजळ होता तितकाच हा हिरवाही उजळ राहिला. तो गडद करण्यासाठी `Lightness` खाली ओढली, की बटणावरची पांढरी अक्षरे राखाडी पडतात, कारण ती पट्टी मास्कमधल्या प्रत्येक पिक्सेलला काळ्याकडे ढकलते आणि पांढराही त्यातून सुटत नाही. मग अक्षरे मास्कमधून वगळावीत असे कोणी म्हणेल. पण देवनागरीच्या वेलांट्या आणि काने पिक्सेल पिक्सेल करून कापायला बसलात तर संध्याकाळ होईल, आणि कडांना लाल झालर उरेल ती वेगळीच.

ती झालर का उरते? अक्षराच्या कडेला पांढरा आणि लाल यांच्यामध्ये एकदम रेघ नसते. तिथले पिक्सेल दोन्ही रंगांच्या मिश्रणाचे असतात. मी एक पिक्सेल मोठा करून दाखवतो.

[स्क्रीनवर: 'त'ची कड, ३२०० टक्के मोठी करून]

हा निम्मा पांढरा आणि निम्मा लाल आहे. त्याची मूल्ये लाल २३३, हिरवा १५१, निळा १५१ अशी आहेत. म्हणजेच, हा फिकट गुलाबी आहे. आपल्याला हवे आहे ते असे, की लालाच्या जागी पूर्ण हिरवा यावा, पांढऱ्याच्या जागी पांढराच राहावा, आणि जो पिक्सेल निम्मा लाल होता तो तितकाच, निम्मा हिरवा व्हावा. हे करणारे साधन फोटोशॉपमध्ये आयते आहे, पण लोक ते फोटोंवर झकपक परिणाम साधण्यासाठी वापरतात. त्याचे नाव `Gradient Map`. ते पिक्सेलचा मूळ रंग विचारात घेत नाही. फक्त त्याची उजळता पाहते आणि त्या उजळतेसाठी आपण ग्रेडियंटवर जो रंग ठेवला असेल तो तिथे बसवते.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. मार्की टूलने बटणाभोवती चौकोन आखा. बटणाच्या कडेपासून चारपाच पिक्सेल बाहेर, पांढऱ्या पट्ट्यातच राहून, सैलसर आखा. काटेकोर आखण्याची गरज का नाही, ते लवकरच कळेल. सिलेक्शन चालू असतानाच लेअर पॅनेलच्या तळाशी असलेल्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या वर्तुळातून `Gradient Map` निवडा. मास्क आपोआप तयार होतो. आता ग्रेडियंटवर डाव्या टोकाला कोणता रंग आणि कुठे ठेवायचा, हे ठरवण्यासाठी आपल्या लालाची उजळता काढावी लागते. लालाचे मूल्य गुणिले ०.३०, हिरव्याचे गुणिले ०.५९, निळ्याचे गुणिले ०.११, आणि मग त्यांची बेरीज.

```
0.30×211 + 0.59×47 + 0.11×47 ≈ 96
96 ÷ 255 ≈ 38%
```

ग्रेडियंटच्या डाव्या खुणेला `#2E7D32` द्या आणि तिचे स्थान, म्हणजे `Location`, ३८ ऐवजी ४० ठेवा. उजवी खूण शुद्ध पांढरी आणि १०० वर राहू द्या. ४० च्या डावीकडचे सगळे एकसारखे हिरवे होते, त्यामुळे जेपीजीमुळे लालात पडलेले बारीक डागही त्यातच पुसले जातात. नव्या आवृत्तीत `Method` ची यादी दिसली तर `Classic` निवडा, `Smoothness` शून्यावर आणा आणि `Dither` ची खूण काढून टाका. नाहीतर मधल्या छटा थोड्या इकडेतिकडे होतात. आता आपल्या त्या गुलाबी पिक्सेलची उजळता काढली तर ती सुमारे १७६, म्हणजे ६९ टक्के येते. ४० आणि १०० यांच्या जवळजवळ मध्यावर. म्हणून तो निम्मा हिरवा, निम्मा पांढरा झाला, आणि अक्षराची कड मूळ बॅनरमध्ये होती तितकीच मऊ राहिली. आयड्रॉपरने बटणाचा सपाट भाग तपासा; नेमके ४६, १२५, ५० मिळतील.

आपण सैल आखलेल्या चौकोनाचे उत्तरही यातच आहे. बटणाबाहेरचा पांढरा पांढऱ्यालाच जोडला जातो, म्हणून तो मास्कमध्ये आला तरी बिघडत नाही. उलट तो यायलाच हवा. जेपीजीमध्ये बहुधा रंगाची माहिती उजळतेच्या मानाने ढोबळ ठेवलेली असते, अनेकदा चार पिक्सेलना मिळून एकच रंग, त्यामुळे बटणाचा लाल बाहेरच्या पांढऱ्यात एकदोन पिक्सेल सांडलेला असतो. मास्क बटणाला अगदी चिकटवून कापला तर हिरव्या बटणाभोवती गुलाबी धूर उरतो. आपला मास्क तो धूरही पोटात घेतो आणि त्यालाही पांढऱ्या-हिरव्याच्या मापात बसवतो.

अर्थात ही पद्धत दोनच रंगांच्या भागाला लागू पडते. बटणावर पिवळी गाडी काढलेली असेल, तर तीही हिरवट पांढरी होईल. तिला मास्कवर काळ्या ब्रशने झाकावे. बटणाखाली राखाडी सावली असेल, तर सैल चौकोन चालत नाही, कारण सावलीही हिरवी होते. तिथे कड धरूनच मास्क करावा लागतो. लोगोवर चकाकी आणि गडद कडा असतील, तर ग्रेडियंटवर आणखी एकदोन खुणा ठेवून गडद हिरव्यापासून उजळ हिरव्यापर्यंतचा प्रवास स्वतः रंगवावा. आणि बटण छायाचित्रावर असेल, तर बाहेरची बाजू पांढरी नसल्यामुळे कडेचे पिक्सेल हाताने सुधारावे लागतात. मला तरी त्याला जवळचा रस्ता सापडलेला नाही.

आता बाकी काहीही हललेले नाही याची खात्री करू. मूळ चित्राची एक प्रत सगळ्यात वर ठेवा आणि तिचा ब्लेंड मोड `Difference` करा. जे पिक्सेल तसेच आहेत ते काळे दिसतात, बदललेले चमकतात. डोळ्यांना न दिसणारा फरक पकडण्यासाठी त्यावर `Levels` चा लेअर टाकून उजवी पट्टी २५५ वरून १० वर आणा. बटण लखलखले आणि टिकली, लोगो, चेहरा मिट्ट काळे राहिले, तर काम बरोबर झाले. पाहून झाले की हे दोन्ही लेअर काढून टाका. ते राहिले तर ग्राहकाला काळा बॅनर जाईल.

हीच तपासणी सेव्ह केल्यावर, नव्या फाइलवर पुन्हा करा. तिथे संपूर्ण चित्रावर बारीक ठिपके उमटले, तर कारण बहुधा जेपीजी असते, कारण ती सेव्ह करताना संपूर्ण चित्र नव्याने दाबले जाते; पीएनजी केली की ठिपके जातात. ठिपक्यांऐवजी सगळीकडे सलग फिकट रंग दिसला, तर कलर प्रोफाइल तपासा. मूळ फाइलमध्ये प्रोफाइल असेल आणि ते गाळून तुम्ही फाइल सेव्ह केली असेल, तर मोबाइलवर लोगोचा लाल वेगळाच दिसेल आणि दोष बटणाच्या रंगाला दिला जाईल. `Assign Profile` ला हात लावू नका, कारण ते आकडे तसेच ठेवून दिसणारा रंग बदलते. वेबसाठी हवे असेल तर `Convert to Profile` मधून एसआरजीबी करा आणि एक्सपोर्ट करताना प्रोफाइल जोडण्याची खूण चालू ठेवा. माझ्या या बॅनरमध्ये ते आधीच एसआरजीबी होते, त्यामुळे मी थेट पीएनजी काढली, पुन्हा `Difference` लावले, आणि काळ्या पडद्यावर एकटे बटण उजळले.

[स्क्रीनवर: काळ्या पडद्यावर बटण, मग पूर्ण बॅनर]