दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

नमस्कार मैत्रिणींनो, दुपारची भांडी आवरून बसला असाल तर जरा आवाज वाढवा, कारण आज मी आमच्या कोपरीतल्या शिवणक्लासबद्दल सांगणार आहे. ठाणे स्टेशनला ईस्टला उतरलं की चालत येता येतं. बॅच तीन महिन्यांची, सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक ते तीन, फी 4500 रुपये, दोन हप्त्यांत चालेल, आणि सीट फक्त 12.

आता फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, ब्लाऊजच तर शिकायचाय, तीन महिने कशाला?" तर त्याचं उत्तर मी बाहीवरून देते.

मागच्या बॅचला कळव्याहून एक ताई यायच्या, हात एकदम साफ, टाका सरळ रेषेत. मांजरपाटावर त्यांनी दोन ब्लाऊज शिवले, दोन्ही छान बसले, मग म्हणाल्या आता माझा खणाचा शिवते, आणि शिवला पण, आणि घातल्यावर उजवी बाही मस्त पण डावीकडे पुढे मुंढ्यापाशी कापडाचा गोळा आणि हात वर केला की पाठ ओढतेय. त्या म्हणाल्या माझंच अंग वाकडंय वाटतं. अहो अंग कशाला वाकडं असेल, दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या होत्या!

होतं काय, बाहीचा गोल पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल कापावा लागतो, कारण आपले हात पुढे येतात. आता दोन्ही बाह्या एकमेकींवर सुलट बाजू आत ठेवून, म्हणजे सुलटला सुलट लावून, एकाच कडेला तो अर्धा इंच खोल केला की एक डावी आणि एक उजवी आपोआप होते. ताईंनी दोन्हींची सुलट बाजू वरच ठेवली आणि एकदम कात्री चालवली. मांजरपाटावर पण त्या असंच कापायच्या, पण मांजरपाटाला उलट-सुलट सारखंच ना, एक बाही फिरवून लावली की जमलं, चूक कळलीच नाही कुणाला (मलाही नाही, हे कबूल करते). खणाला मात्र सुलट बाजू ठरलेली.

म्हणून बाही जोडायच्या आधी दोन्ही टेबलावर उघडून ठेवायच्या, दोन्ही सुलट वर, काठ खाली, आणि बघायचं की खोल बाजू आरशात दिसल्यासारख्या समोरासमोर येतायत का. दोन्ही एकाच दिशेला गेल्या तर थांबा. आणि पुढच्या बाजूला खडूची खूण करायचीच करायची.

खणाचं उरलेलं कापड तर वीतभरही नव्हतं. मग आम्ही बाह्या उसवल्या, वरचा गोल इंचभर खाली घेऊन नव्याने कापला, दहा इंचाची बाही नऊची झाली, काठ मात्र वाचला. उसवायलाच त्यांची दीड दुपार गेली, बारीक टाका घातला होता ना.

तर अशा चुका हातून व्हायला आणि निस्तरायला वेळ लागतो, म्हणून तीन महिने. पहिला आठवडा तर दोरा न ओवता पेपरवर रेघेवरून मशीन चालवायचं, नंतर मांजरपाट, आणि तिसऱ्या महिन्यात तुमचं स्वतःचं कापड, अस्तरासकट. सुती अस्तर आधी पाण्यात भिजवून वाळवून आणा हं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड चुण्या पाडत बसतं.

सीट 12 च का, तर मशीन सहा आहेत. सहा जणी मशीनवर, सहा जणी कटिंगच्या टेबलावर, तासाने अदलाबदल. एका वर्षी मी आग्रहाखातर 17 जणी घेतल्या आणि कुणाच्याच कात्रीवर माझं लक्ष राहिलं नाही. आता तेरावी आली की पुढच्या बॅचला नाव लिहून घेते, राग मानू नका.

फीमध्ये पेपर, मांजरपाट, दोरा आलं. कात्री आणि टेप आपापली आणायची, आणि ती कात्री घरात दुधाच्या पिशव्या कापायला द्यायची नाही.

सर्टिफिकेट मिळतं, पण स्पष्ट सांगते, ते आमच्या क्लासचं आहे, सरकारी नाही. सरकारी हवं असेल तर आयटीआयचा शिवणाचा एक वर्षाचा कोर्स आहे, तो करा. आमचं मिळवायला शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या बाईच्या मापाचा अस्तराचा ब्लाऊज एकटीने कापून शिवून तिला घालून दाखवायचा, ती हात वर करणार आणि मी मुंढा बघणार. ओढला तर उसवा, परत बसवा, मग सही.

बॅच पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू होतेय, सात नावं आलीयत. कळव्याच्या त्या ताई पण येणारेत, शिकायला नाही, कटिंगच्या टेबलाशी उभ्या राहून बाह्या बघायला.