चारचौघांत बोलायची भीती: दोन भेटींच्या मधल्या दिवसांत काय करायचं?

राम राम मंडळी. दहावीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, शाळा तालुक्याला, जाणं-येणं एसटीनं. वर्गात सरांनी नाव घेतलं की तिच्या छातीत धडधडतं आणि उत्तर येत असूनही "नाही येत" म्हणून ती खाली बसते. किराणा आणायला लहान भावाला पाठवते. घरचे म्हणतात, "लाजाळू आहे पोरगी, मोठी झाली की सुधरेल." पण सहा महिन्यांच्या वर हे चालू असेल आणि त्यापायी शाळा, मैत्रिणी, दुकान सुटत चाललं असेल, तर वाट पाहू नका. याला सोशल अँग्झायटी म्हणतात आणि त्यावर सीबीटी नावाचा बोलून करायचा उपचार आहे. या वयात बरेचदा 8 ते 12 भेटी होतात. मला मात्र बोलायचंय ते दोन भेटींच्या मधल्या दिवसांबद्दल, कारण गाडी तिथंच अडते.

समुपदेशक आणि मुलगी मिळून भीतीची शिडी बनवतात, म्हणजे भीती वाटणाऱ्या कामांची सोप्यापासून अवघडापर्यंत यादी. कोणत्या कामाची किती भीती वाटते, याचे 0 ते 10 गुण मुलगी स्वतः देते. आपल्याला वाटेल, गावातलं ओळखीचं दुकान सगळ्यात सोपं. ही मुलगी त्याला 7 देते! दुकानदार विचारणार, "कोणाची व तू? बोलत काऊन नाही?" आणि संध्याकाळपर्यंत ते बाबांच्या कानावर जाणार. उलट तालुक्याच्या आठवडी बाजारात अनोळखी भाजीवालीला भाव विचारणं तिच्या लेखी 3. "गाडी फाट्यावर थांबते का?" असं कंडक्टरला विचारणं 4. वर्गात शंका विचारणं 8 आणि परिपाठात बातम्या वाचणं 10. म्हणून शिडी दुसऱ्याची उचलून चालत नाही.

बाजारात जाण्याआधी ती वहीत लिहिते: काय होईल असं वाटतं? "मला भीती वाटेल" हे उत्तर चालत नाही, कारण ते तपासता येत नाही. तिनं लिहिलं, "भाजीवाली खेकसेल, बाजूच्या बाया माझ्याकडे पाहून हसतील." खात्री किती? 80 टक्के. परत आल्यावर त्याच पानावर लिहायचं, प्रत्यक्ष काय दिसलं.

पहिल्या आठवड्यात तिनं काम पूर्ण केलं, तरी खात्री 80 टक्केच राहिली. इथं बरेच पालक म्हणतात, उपचार लागू पडत नाही. पण बारकाईनं विचारल्यावर कळलं की तिनं तोंडाला स्कार्फ बांधला होता, वाक्य मनात घोकून ठेवलं होतं आणि नजर टमाट्यांवरून उचललीच नव्हती. भाजीवालीचा चेहरा तिनं पाहिलाच नाही. मग मन म्हणतं, स्कार्फ होता म्हणून वाचले. या बचावाच्या युक्त्या असेपर्यंत भीती खोटी आहे की खरी, हे कळायला मार्गच नसतो.

पुढच्या आठवड्यात काम तेच, पण स्कार्फ नाही, घोकणं नाही, आणि भाजीवालीच्या साडीचा रंग वहीत लिहून आणायचा. लक्ष स्वतःच्या थरथरत्या आवाजावरून बाहेर वळावं, यासाठी तो रंग. यावेळी तिनं लिहिलं: "हिरवी साडी. मेथीवर पाणी मारता मारता भाव सांगितला. आवाज कापला माझा. एक बाई हसली, पण ती तिच्या जावेशी बोलत होती." खात्री 80 वरून 30 वर आली. स्कार्फ नसल्यानं भीती मात्र 3 ची 5 झाली होती, आणि त्यात काही बिघडलं नाही. भीती शून्य व्हायची वाट पाहू नका, खात्रीचा आकडा पाहा. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी तो खाली आला की वरची पायरी. पुढं तर मुद्दाम भाव विचारून काहीच न घेता परत यायचं कामही देतात.

आईबाबांनो, तिला एकदम परिपाठात उभं करू नका. ती अर्ध्यातून पळाली तर पळाल्यानं सुटल्यासारखं वाटतं आणि भीती आणखी घट्ट बसते. अन् दुकानदारानं तिला विचारलं तर तिच्या वतीनं तुम्ही उत्तर देऊ नका. थोडा वेळ शांतता राहू द्या.

एक गोष्ट मात्र वेगळी. वर्गात खरोखरच जातीवरून, रंगावरून, बोलीवरून चिडवलं जात असेल, तर तो तिच्या मनाचा अंदाज नव्हे. तिथं शिडी चढवायची नाही, आधी शाळेत जाऊन ते थांबवायचं. आणि मुलगी जगावंसं वाटत नाही असं बोलत असेल तर आधी त्यासाठी मदत घ्या, बाकी सगळं नंतर.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे 14416. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याची ओपीडी असते. तिथं गेलात की एवढं नक्की विचारा: पुढच्या भेटीपर्यंत तिनं काय करायचं, ते वहीत लिहून देता का?